गारठलेलं करडू, आई गेलेली: आधी ऊब की आधी चीक? आणि दुसऱ्या शेळीला लावायचं कसं?

माळरान_४१३ · सकाळी ६.४०
तातडीनं सल्ला हवा आहे. उस्मानाबादी शेळी काल रात्री अकराच्या सुमाराला व्याली, दोन करडं. वार पडली, पण रक्त थांबेना. चारच्या पुढे शेळी गेली. मोठं करडू (२.२ किलो) तिनं चाटून कोरडं केलं होतं. लहान (१.८ किलो) तिच्याकडून चाटून झालंच नाही, ते ओलंच पडून राहिलं.
आत्ता मोठ्याचं तापमान १००.४ फॅरनहाइट आहे, उभं राहतंय पण पाय थरथरतात. लहानाचं ९५.८. मान टाकलीय, तोंडात बोट घातलं तर आतून गार लागतं, बोट चोखत नाही. शेजाऱ्याची शेळी काल दुपारी व्यालीय, एकच करडू आहे, चीक मिळेल. माझ्याकडे अजून एक शेळी आहे, एक-दोन दिवसांत विण्याच्या बेतात आहे.
लहानाला आधी चीक पाजू की शेकू?

जुनी_काठी · सकाळी ६.४८
आधी शेक. चुलीपुढे गोणपाटावर ठेव, तिळाच्या तेलानं अंग चोळ. थोडं हललं की गुळाचं कोमट पाणी चमच्यानं घाल आणि वर चार थेंब ब्रँडी. ऊब लागली की करडू उठतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच करतात.

दावणीचा_डॉक्टर · सकाळी ६.५५
माळरान, थांबा. दोन्ही करडांना एकच उपाय नाही. आणि लहानाला आत्ता तोंडातून काहीही घालू नका, चमच्यानं तर नाहीच.

मोठं करडू: १०० च्या वर आहे, मान धरतंय. त्याला कोरड्या फडक्यानं खसखसून पुसा, घोंगडीत गुंडाळा आणि लगेच चीक द्या. ते स्वतःची ऊब स्वतः तयार करू शकतं, फक्त जळण हवंय.

लहान करडू: वय सात-आठ तास, तापमान ९९ च्या खाली, मान धरत नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की क्रम बदलतो. आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन, मग ऊब, आणि तापमान ९९ झालं, मान उचलली की मगच चीक.

कारण सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी क्रम लक्षात राहील. करडू जन्मतं तेव्हा किडनीभोवती आणि खांद्यांत थोडी तपकिरी चरबी घेऊन येतं. तीच जाळून ते पहिले काही तास अंग गरम ठेवतं. थंडीत ओलं राहिलं तर साधारण पाच तासांत ती संपते. त्यानंतर रक्तातली साखरही खाली जाते. अशा करडाला नुसतं शेकलं की शरीर जागं होतं, मेंदू साखर मागायला लागतो आणि रक्तात साखर नसते. मग करडू मान मागे टाकतं, पाय ताणतं, झटके येतात आणि जातं. लोक म्हणतात 'शेकलं, जरा हललं, आणि मग गेलं'. ते यामुळेच.

पाच तासांच्या आतलं करडू असतं तर जुनी काठी यांचा क्रम बरोबर होता. तेव्हा चरबी शिल्लक असते, म्हणून आधी पुसा-शेका आणि मग पाजा. गुळपाणी मात्र तेव्हाही नको, तेव्हाही चीकच. आणि ब्रँडी कधीच नको. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, वरून अंग गरम लागतं आणि आतली ऊब बाहेर जाते.

माळरान_४१३ · सकाळी ७.०२
मेडिकलवाल्याला उठवलं. ५० टक्के डेक्स्ट्रोज नाही, २५ टक्क्यांच्या कुप्या आहेत. चालेल का? आणि पोटात म्हणजे नेमकं कुठे? पशुधन पर्यवेक्षकांना फोन लावला, ते वाटेत आहेत, अर्धा-पाऊण तास लागेल.

दावणीचा_डॉक्टर · सकाळी ७.१०
चालेल. आपल्याला २० टक्क्यांचं हवंय, किलोमागे १० मिली. १.८ किलोला १८ मिली. २५ टक्क्यांचं १६ मिली ओढा, त्यात ४ मिली निर्जंतुक पाणी घाला, २० मिली तयार होईल. त्यातलं १८ वापरा. पाणी मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठी मिळतं तेच, नळाचं नको. भरलेली सिरिंज गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं धरा. मनगटावर थेंब टाकला तर ना गार ना गरम लागला पाहिजे. गार औषध पोटात गेलं तर उरलीसुरली ऊबही जाईल.

पर्यवेक्षक येत असतील तर इंजेक्शन त्यांनाच देऊ द्या, शक्यतो हे हात बसलेल्या माणसानंच करावं. तुम्ही औषध तयार ठेवा. जागा अशी: करडाला पुढच्या दोन पायांना धरून उभं लोंबतं ठेवायचं. बेंबीच्या खाली एक इंच आणि बाजूला अर्धा इंच. ती जागा आयोडीननं पुसायची. एक इंची, २० नंबरची सुई शेपटीकडे तिरकी, साधारण ४५ अंशांत, पूर्ण आत. सरळ आत घातली किंवा वर छातीकडे वळवली तर यकृत किंवा आतडं सापडतं. लघवीची पिशवी भरलेली असेल तर तिलाही लागू शकतं, म्हणून आधी बेंबीखाली बोटानं हलकं चोळून लघवी करवून घ्यावी. नंतर एक प्रतिजैविकही द्यायला सांगा, सुई पोटात गेलीय.

ते येईपर्यंत करडाला नुसतं कोरडं करा आणि वाऱ्यापासून आडोसा द्या. शेकोटी, हीटर काही नको अजून. उशीर होतोय असं वाटलं तर १९६२ वर फोन करा, फिरतं पशुवैद्यकीय पथक जवळ असेल तर येतं.

कोकणातली_शेळी · सकाळी ७.२६
माझंही करडू गारठल्यासारखं करतंय, नाक वाहतं, खोकतं, दोन महिन्यांचं आहे. तुम्ही सांगितलं तेवढं ग्लुकोज पोटात देऊ का? की सरळ अँटिबायोटिक सुरू करू?

दावणीचा_डॉक्टर · सकाळी ७.३१
नको. तुमचं करडू दोन महिन्यांचं आहे, त्याला सर्दी-न्यूमोनियाचा त्रास दिसतो. हा धागा जन्मल्या दिवसाच्या करडांचा आहे. तुम्ही आधी तापमान घ्या. १०४ च्या वर असेल तर आजच दवाखान्यात न्या. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

माळरान_४१३ · सकाळी ७.५८
पर्यवेक्षक आले, इंजेक्शन दिलं, पंधरा मिनिटं झाली. आता ऊब. घरात थर्माकोलची मोठी पेटी आहे आणि एलईडी बल्ब.

कास_आणि_चीक · सकाळी ८.०४
एलईडी काही तापत नाही, त्याचा उपयोग नाही. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब मिळाला तर बघा. नाही मिळाला तर पाण्याच्या बाटल्या. एक-एक लिटरच्या तीन-चार बाटल्या गरम पाण्यानं भरा, प्रत्येकीला जुनं धोतर नाहीतर टॉवेल गुंडाळा आणि पेटीत चारी बाजूंनी लावा. बाटली थेट कातडीला लागू देऊ नका. बेशुद्ध करडू सरकून बाजूला जात नाही, तिथल्या तिथे भाजतं आणि तीन दिवसांनी कातडी सुटते. वीज गेली तरी बाटल्या बदलता येतात.
पेटीचं झाकण पूर्ण बंद करू नका, एका कोपऱ्यात चार बोटं फट ठेवा. करडाच्या उंचीवर थर्मामीटर टांगा. पेटीतली हवा ९५ ते १०० फॅरनहाइट पुरे. वर गेली तर करडू धापा टाकतं.
चुलीजवळ ठेवू नका. एका बाजूनं भाजतं, दुसऱ्या बाजूनं गार राहतं, आणि धूर छातीत जातो.
कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवून गरम करायची पद्धत लवकर लागू पडते, पण त्यात अंगावरचा वास धुऊन जातो. आई जिवंत असेल तर तिला परत देताना ती ओळखत नाही. तुमच्याकडे आई नाही, तरीही पुढे दुसऱ्या शेळीला लावायचं असेल तर पाण्यानं धुतल्याचा तोटा नाही, उलट चालतं. पण नंतर पूर्ण कोरडं करावं लागतं, तिथे बहुतेक जण कंटाळतात. तुम्ही पेटीच ठेवा.

माळरान_४१३ · सकाळी ८.२०
थर्मामीटर मघाशी मध्येच 'Lo' दाखवत होता, घाबरलो.

दावणीचा_डॉक्टर · सकाळी ८.२४
टोक नीट आत गेलं नसेल, किंवा शेणात रुतलं असेल. टोकाला तेल लावून दीड-दोन सेंटिमीटर आत घाला आणि बाजूच्या भिंतीला टेकवा. डिजिटल थर्मामीटर साधारण ९० च्या खाली 'Lo' दाखवतो. म्हणून नीट घालूनही दोनदा 'Lo' आलं तर करडू खरंच फार खाली आहे असं समजायचं. काचेचा ताप मोजायचा थर्मामीटर या कामाला निरुपयोगी, त्याची पट्टीच ९४-९५ ला सुरू होते. दर वीस मिनिटांनी मोजा आणि लिहून ठेवा.

माळरान_४१३ · सकाळी ९.५०
७.५८: ९५.६
८.३०: ९६.७
९.००: ९७.९
९.४५: ९९.४
मान उचलली! छातीवर बसलंय, बोट चोखतंय, पण जोर नाही. चीक आणलाय. बाटलीनं पाजू?

कास_आणि_चीक · सकाळी ९.५६
चोखण्यात जोर नसेल तर बाटलीनं अर्धा घोट पोटात आणि अर्धा श्वासनळीत जातो. नळीनं द्या. आधी प्रमाण. किलोमागे ५० मिली एका वेळी, म्हणजे तुमच्या लहानाला ९० मिली. दिवसभरात किलोमागे २०० मिलीच्या आसपास, म्हणजे चार वेळा. मोठ्याला ११० मिली एका वेळी.

नळी १२ नंबरची रायल्स ट्यूब घ्या. लहान मुलांची १० नंबरची मिळते, पण पहिल्या दिवसाचा चीक दाट असतो, तिच्यातून उतरत नाही आणि मग माणूस सिरिंज दाबायला जातो. करडाच्या नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी बाहेरून धरून मोजा आणि तिथे मार्करनं खूण करा. टोक चिकात बुडवा. करडाला मांडीवर छातीवर बसवा, मान सरळ, नाक जरा वर. खूप वर नको. तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेवरून नळी सरकवा आणि ते गिळेल तशी पुढे न्या. खुणेपर्यंत गेली पाहिजे. अर्ध्यातच अडली तर जोर करू नका, बाहेर काढून परत घाला.

आता खात्री. गळ्याच्या डाव्या बाजूला बोटांनी चाचपा. श्वासनळी कडक, कड्याकड्यांची लागते. तिच्या शेजारी दुसरी मऊ नळी लागली पाहिजे. एकच लागत असेल तर तुमची नळी श्वासनळीत आहे. रिकामी सिरिंज लावून ओढा. हवा सरळ येत राहिली तर श्वासनळी, ओढताना अडखळली तर अन्ननळी. खोकला आला नाही म्हणून बरोबर आहे असं समजू नका, अशक्त करडू खोकतच नाही.

मग सिरिंजचा दांडा काढून नुसता नळा लावा, करडाच्या डोक्याच्या वर धरा आणि चीक ओता. आपोआप उतरू द्या. तीन-चार मिनिटं लागतील. काढताना नळी बोटानं चिमटा, नाहीतर टोकातला शेवटचा चीक घशाशी पडतो आणि छातीत जातो.

दावणीचा_डॉक्टर · सकाळी १०.१०
यात एकच भर. चीक गरम करताना भांडं थेट आचेवर ठेवू नका. गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवा, चीक १०२-१०४ पर्यंत येऊ द्या. त्यातले रोगप्रतिकारक घटक जास्त उष्णतेनं मरतात आणि चीक घट्ट होऊन खरवसासारखा गोळा बनतो. मायक्रोवेव्ह नको. आणि बेंबी आयोडीनमध्ये बुडवलीय ना? नसेल तर आत्ता बुडवा.
करडू १०१ ला पोचलं की पेटीबाहेर काढा, जास्त वेळ आत ठेवू नका. बाहेर आल्यावर तासाभरानं परत मोजा, पुन्हा उतरत असेल तर परत पेटी.

डेअरीवाला_दिंडोरी · सकाळी ११.१५
गाईचा चीक चालणार नाही का? आमच्याकडे गाय व्याली की बादलीभर असतो, लोक खरवस करतात. करडांना आम्ही तोच देतो, काही झालं नाही.

कास_आणि_चीक · सकाळी ११.३०
चालतो, काहीच नसेल तर. दोन गोष्टी लक्षात ठेवा. शेळी-मेंढीच्या चिकापेक्षा त्यात चरबी कमी, म्हणून थोडा जास्त द्यावा लागतो, आणि एका वेळी जास्त न भरता एखादा फेरा वाढवावा. दुसरं, एखाद्या गाईच्या चिकात असे घटक असतात की कोकराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आठ-दहा दिवसांनी कोकरू पिवळटफिकं होतं आणि जातं. क्वचित होतं, पण ओळखायला उशीर होतो. म्हणून एकाच गाईचा नको, तीन-चार गाईंचा एकत्र करून द्यावा.

डेअरीवाला_दिंडोरी · सकाळी ११.४१
इतकं बघणारं गावात कोण आहे. पण एकत्र करून द्यायला हरकत नाही, डेअरीवर मिळतो.

दावणीचा_डॉक्टर · सकाळी ११.५०
मी गाईचा चीक शेवटचा पर्याय मानतो, कास यांच्याइतका मोकळा हात देत नाही. गाईच्या गोठ्यात वासरांना हगवण चालू असेल किंवा क्षयाची शंका असेल तर तिथला चीक घेऊच नये. शेळीचा चीक जास्त मिळाला की लहान बाटल्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवावा, वर्षभर राहतो. एकच करडू असलेल्या शेळीकडे तिच्या करडाला पुरून उरतो. पण तिचं करडू आधी पिऊन झाल्यावरच काढायचा. माळरान, शेजाऱ्याच्या शेळीचंही तेच, तिच्या करडाचा वाटा आधी.

माळरान_४१३ · दुसरा दिवस, संध्याकाळी ५.१५
दोन्ही करडं बाटलीनं पितात. लहान १०१.८, मोठं १०२.६. खूप खूप आभार.
आता दुसरा प्रश्न. विण्याच्या बेतातली शेळी कळा द्यायला लागलीय, पाणमोट दिसतेय. ती मागच्या दोन वेळी एकएकच व्यालीय आणि दूध भरपूर. तिला एक करडू लावायचंय. कोणतं लावू? आणि कसं?

जुनी_काठी · संध्याकाळी ५.२२
शेळी दुसऱ्याचं करडू घेत नाही, मेंढी एकवेळ घेते. नाकाला विक्स चोळ, करडालाही चोळ, सगळ्यांचा एकच वास येतो. मग घेते.

वाड्यावरचा · संध्याकाळी ५.२८
विक्सनं दोन तास भागतं. वास उडाला की शेळी परत ढुशी मारते. कापूर, रॉकेल, सगळ्याचं तेच. नाक झाकून ओळख होत नसते. तिला तिच्या करडाचा वास यायला पाहिजे, त्याच वासावर ती पान्हा सोडते.
आमच्याकडे मेंढीचं कोकरू मेलं तर त्याचं कातडं काढून परक्या कोकराला घालतात. पायांना चार भोकं, मानेला एक. शेपटीकडचा भाग न कापता ठेवायचा, मेंढी तिथेच हुंगते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडं काढायचं, त्याहून ठेवलं तर उन्हात सडतं, माश्या बसतात. तुमच्याकडे मेलेलं करडू नाही म्हणून ही रीत लागू नाही, पण पाण्याची रीत लागू आहे. पाणमोटीचं पाणी टाकू नका, घमेल्यात धरा!

दावणीचा_डॉक्टर · संध्याकाळी ५.३६
वाड्यावरचा बरोबर सांगतायत. शेळी एकदा आपलं करडू पाच-दहा मिनिटं चाटते आणि तेवढ्यात त्याचा वास तिच्यात बसतो. त्यानंतर दुसऱ्याला दार बंद. मेंढीत थोडा जास्त वेळ मिळतो, शेळीत फार कमी. म्हणून विताना किंवा विल्यावर लगेच हा एकच खरा मोका. आत्ताच तयारी करा.

एक सावधगिरी. गेल्या महिन्यात तुमच्या कळपात दोन-तीन शेळ्या गाभडल्या असतील तर त्या पाण्याला हात लावू नका, आणि कोणाचं कातडंही वापरू नका. त्या आजारातले काही माणसालाही होतात. तसं नसेल तरी हातमोजे घाला.

कोणतं करडू? मोठं, २.२ चं. ऐकायला उलटं वाटेल.

कास_आणि_चीक · संध्याकाळी ५.४१
मी लहान लावलं असतं. त्याला आईची ऊब जास्त हवी आहे. मोठं बाटलीवरही वाढेल.

दावणीचा_डॉक्टर · संध्याकाळी ५.४६
ऊब पेटीतूनही मिळते. शेळीजवळ मात्र सड मिळवावा लागतो. जन्मलेल्या करडाशी आणि ढुशी मारणाऱ्या शेळीशी झगडून अशक्त करडू उपाशी राहील, आणि आपल्याला वाटेल पितंय. बाटलीवर असलं तर किती प्यालं ते मिलीत कळतं. म्हणून अशक्त माझ्या नजरेखाली.

माळरान_४१३ · संध्याकाळी ५.५०
मोठंच लावतो. शेळीनं पहिला पाय बाहेर काढला. पुढे काय?

वाड्यावरचा · संध्याकाळी ५.५३
१) फुटलेल्या मोटेचं पाणी घमेल्यात धरा. करडाला त्यात कालवा, विशेषतः डोकं, पाठ आणि शेपटीचा बुडखा.
२) दोन दिवसांचं करडू उठून पळतं. आत्ता जन्मलेलं करडू असं पळत नाही, शेळीला लगेच कळतं. मऊ चिंधीनं त्याचे तीन पाय एकत्र सैल बांधा. लोळेल, धडपडेल, तेच हवंय.
३) तिचं करडू बाहेर आलं की नाक-तोंड साफ करा, ते बाजूला कोरडं करून घोंगडीत ठेवा. शेळीच्या नाकासमोर आधी आपलं ओलं करडू.
४) ती चाटायला लागली की दहा-पंधरा मिनिटांनी तिचं करडूही शेजारी द्या. दोन्ही एकदम चाटू द्या.
५) चाटून झालं की पायांची चिंधी सोडा.
कोणी बोलू नका. माणसं बाजूला व्हा, कुत्रं बांधा. ती दचकली तर खेळ बिघडतो.

दावणीचा_डॉक्टर · संध्याकाळी ५.५८
पाचवं झाल्यावर फार महत्त्वाचं. मोठं करडू दोन दिवस पितंय, जोरदार आहे. ते दोन मिनिटांत कासेतला चीक रिकामा करेल आणि तिचं स्वतःचं करडू चिकाविना राहील. म्हणून नव्या करडाला तुम्ही सड तोंडात देऊन आधी पाजा, त्याच्या पोटात पहिल्या दोन तासांत १०० मिली तरी गेलं पाहिजे. मग मोठ्याला.

कास_आणि_चीक · संध्याकाळी ६.०३
त्यासाठी मोठ्याला आधी बाटलीनं भरपूर पाजून ठेवा ना, मग ते झटणार नाही.

वाड्यावरचा · संध्याकाळी ६.०६
भरलेलं करडू सड शोधत नाही आणि शेळीला सवय होत नाही. अर्धं पोट ठेवा.

माळरान_४१३ · संध्याकाळी ७.३०
विली. करडू एकच, मादी, २.४ किलो. तुम्ही सांगितलं तसं केलं. आमचं करडू आधी चाटलं, मग तिचं. दोघांनाही चाटतेय. मोठ्याला ६० मिली देऊन अर्धं पोट ठेवलं होतं. तिच्या करडाला हातानं सड दिला, पोटभर प्यालं.

माळरान_४१३ · चौथा दिवस, सकाळी ८.१०
घोटाळा झालाय. तिचं करडू ती छान सांभाळते. आमचं करडू मागून शेपटीकडून पितं तेव्हा चालतं, पण कडेनं समोर आलं की हुंगते आणि ढुशी मारते. काल संध्याकाळपासून जास्त. वजन २.३, दोन दिवसांत काहीच वाढलं नाही. पोट पोकळ लागतं, पाठ कमानीसारखी करून उभं राहतं.

दावणीचा_डॉक्टर · सकाळी ८.२५
कमानी पाठ, पोट पोकळ, उठल्यावर अंग ताणत नाही, या तिन्हींचा अर्थ उपाशी. पोट भरलेलं करडू उठलं की आधी आळस देतं. तापमान घ्या, १०१ च्या खाली असेल तर आत्ता ११० मिली दूध द्या, वाट बघू नका.
ढुशीचं कारण बहुधा असं: करडाचा स्वतःचा वास दोन दिवसांत वर आला, आणि त्यावर त्याच्या बाटलीच्या दुधाचं शेण. तिच्या दुधाचं शेण त्याच्या अंगाला लागायला दोनेक दिवस जातात, तोपर्यंत ती त्याला ओळखत नाही. म्हणून हे दोन-तीन दिवस तिचं नाक त्याच्या शेपटीपर्यंत पोचू न देणं, हाच इलाज.

वेल्सची_मावशी · सकाळी ९.४०
मी वेल्समध्ये मेंढ्यांच्या फार्मवर काम करते. इथे याला मान अडकवायची चौकट वापरतात. दोन उभ्या लाकडी पट्ट्या, मधे मान बसेल एवढी फट. फट वरून खालपर्यंत सरळ असते, म्हणून मेंढी उभीही राहते आणि बसतेही, फक्त मागे वळू शकत नाही. समोर चारा आणि पाणी. मागे करडं मोकळी, हवं तेव्हा पितात. तीन ते पाच दिवस. मग एका संध्याकाळी सोडून बघायचं. ढुशी मारली तर परत एक दिवस.
चुकतं कुठे? फट घट्ट झाली की बसता येत नाही, दूध आटतं. आणि पाणी लांब ठेवलं तर तिसऱ्या दिवशी मेंढी खात नाही.

वाड्यावरचा · सकाळी ९.५५
उस्मानाबादीत बऱ्याच शेळ्यांना शिंगं असतात, चौकटीत अडकली तर मान मोडून घेईल. शेळीला चौकट नको. दोन्ही बाजूंना बांबूची आडवी भिंत, खुंटीला दीड हात दावं, वळू शकणार नाही एवढी जागा. तेवढंच पुरेसं आहे.

वेल्सची_मावशी · सकाळी १०.०२
शिंगांचं मी लक्षात घेतलं नव्हतं, इथल्या बहुतेक मेंढ्या बिनशिंगी आहेत. दावंच ठीक. पण त्याला फास बसणार नाही अशी गाठ घ्या.

जुनी_काठी · सकाळी १०.१५
आणि एक, करडू पाजताना शेळीचा मागचा पाय धरून उभं राहा, दिवसातून चार वेळा. हात सैल झाला की ती लाथ मारते, पाय धरला की पिऊ देते.

दावणीचा_डॉक्टर · सकाळी १०.२०
हे बरोबर आहे. पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मध्ये ती मोकळी, फक्त दाव्यावर. करडू रोज सकाळी तोला. वजन वाढायला लागलं तर सांगा. दोन दिवसांत नाही वाढलं तर बाटलीवरच ठेवा, उगीच ताणू नका. शेळीनं घेतलंच पाहिजे असा हट्ट नको.

माळरान_४१३ · सहावा दिवस, रात्री ८.४५
दाव्यावर दोन दिवस झाले. वजन २.४५. आज दुपारी करडू समोरून आलं तर हुंगलं आणि काही केलं नाही, तोंड फिरवलं. मात्र चाटत नाही. करडू दूर नेलं की ओरडत नाही, स्वतःचं नेलं की ओरडते. लावलं असं म्हणायचं का?

वाड्यावरचा · रात्री ८.५८
अर्धं लागलं. ओरडायला लागेल तेव्हा लागलं. काही शेळ्या शेवटपर्यंत ओरडत नाहीत, तरी पाजतात. दावं सोडून बघा, पण रात्री नको. दिवसा, तुम्ही समोर असताना.

कास_आणि_चीक · रात्री ९.१०
लहानाचं काय? तुम्ही त्याचं वजन लिहिलं नाही.

माळरान_४१३ · रात्री ९.१८
२.०. दिवसाला चार वेळा, शंभर शंभर मिली शेळीचं दूध. बाटलीच्या चोखणीचं भोक मोठं होतं, खोकत होतं, आता बारीक भोकाची आणली. त्यालाही शेळीला लावून बघू का?

दावणीचा_डॉक्टर · रात्री ९.२५
नको. तिला दोनच सड आहेत आणि दोन करडं आहेत.